स्त्रीबीज गोठवण्यापूर्वी करायचा हिशोब

सांगली-मिरज परिसरात वंध्यत्व उपचारांच्या क्षेत्रात मी समुपदेशनाचे काम करते. स्त्रीबीज गोठवण्याची, म्हणजे एग फ्रीझिंगची, चौकशी करायला येणाऱ्या मुलींचा पहिला प्रश्न बहुधा खर्चाचा असतो आणि दुसरा दुखण्याचा असतो. हे दोन्ही प्रश्न योग्यच आहेत, पण ज्या प्रश्नावर सगळे अवलंबून आहे तो फार थोड्या जणी विचारतात: माझ्या वयात, माझ्या अंडाशयातून किती बीजे मिळतील, आणि तेवढ्या बीजांतून पुढे एक मूल होण्याची शक्यता किती? हा लेख त्या प्रश्नाभोवती लिहिला आहे. प्रक्रियेचे टप्पे त्यात क्रमाने येतीलच, पण प्रत्येक टप्प्यावर संख्या कशी गळत जाते याकडे वाचणारीने लक्ष ठेवावे.

समजायला सोपे जावे म्हणून एक उदाहरण सोबत घेऊ. त्यातील स्त्रीला मनीषा म्हणू. ती पस्तीस वर्षांची, सांगलीच्या विश्रामबागेत राहणारी, एका सहकारी बँकेत नोकरी करणारी आणि अविवाहित आहे. ही कोणा एकीची हकीगत नाही. नेहमी दिसणाऱ्या नोंदींवरून हे उदाहरण रचले आहे आणि त्यातील आकडे त्या वयात सर्वसाधारणपणे येतात तसेच ठेवले आहेत.

वय कोठे आडवे येते

मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयांत तिच्या आयुष्यभराची सगळी बीजे असतात. ती संख्या दहा ते वीस लाखांच्या घरात असते, वयात येईपर्यंत ती तीन-चार लाखांवर येते आणि पुढेही सतत घटत राहते. नवी बीजे तयार होत नाहीत. म्हणजे पस्तिसाव्या वर्षी पक्व होणारे बीज हे पस्तीस वर्षे अर्ध्यावर थांबून राहिलेले बीज असते, आणि त्याच्या आतील गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारी प्रथिने तेवढ्या काळात सैल पडलेली असतात. बीज पक्व होताना या जोड्या नीट विभागल्या गेल्या नाहीत तर एखादे गुणसूत्र कमी किंवा जास्त होते. अशा बीजापासून बनलेला गर्भ बहुधा रुजत नाही, रुजला तरी गर्भपात होण्याचा संभव मोठा असतो, आणि डाऊन सिंड्रोमसारखी स्थितीही यातूनच येते. तिशीच्या सुरुवातीपर्यंत असे दोष तुलनेने कमी असतात, पस्तिशीनंतर ते वाढू लागतात आणि चाळिशीत बहुतांश गर्भांमध्ये आढळतात.

गर्भाशयाचे मात्र असे होत नाही. पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रीला तरुण दात्या स्त्रीच्या बीजापासून गर्भधारणा होऊ शकते, हे अनेक वर्षांच्या अनुभवाने सिद्ध झालेले आहे. बीज गोठवण्यामागचा सगळा तर्क एवढाच आहे: बीजाचे वय गोठवल्या दिवशी थांबते, आणि पुढे यशाची शक्यता ठरते ती प्रामुख्याने त्याच वयावर, वापरण्याच्या वेळच्या वयावर नाही. मात्र शरीराचे वय थांबत नाही. चाळिशीनंतरच्या गरोदरपणात रक्तदाब आणि मधुमेहाचा धोका वाढतो, आणि गोठवलेली बीजे तो धोका कमी करत नाहीत.

पहिली पायरी: दोन तपासण्या आणि त्यांचा खरा अर्थ

सुरुवात रक्तातील एएमएच या अंडाशयाच्या संप्रेरकाच्या तपासणीने आणि पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी केलेल्या सोनोग्राफीने होते. एएमएच पाळीच्या कोणत्याही दिवशी करता येते. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांतील लहान फॉलिकल मोजले जातात. फॉलिकल म्हणजे ज्या पाण्याच्या पिशवीत बीज वाढते ती पिशवी. या दोन तपासण्यांवरून एका फेरीत, म्हणजे इंजेक्शने घेऊन एकदा बीजे काढण्यात, साधारण किती बीजे हाती येतील याचा अंदाज बांधता येतो.

येथे एक गैरसमज वारंवार होतो आणि त्यापायी मुली विनाकारण रडतात. एएमएच हा बीजांच्या संख्येचा अंदाज देतो, गुणवत्तेचा नाही. तिशीतील एखादीचा एएमएच कमी आला म्हणजे तिला नैसर्गिकरीत्या दिवस राहणार नाहीत, असा अर्थ होत नाही. महिन्याला पक्व होणारे बीज एकच लागते आणि ते तिच्याकडे असते. उलट चाळिशीतील एखादीचा एएमएच चांगला आला म्हणून तिची बीजे तरुण ठरत नाहीत. कमी एएमएचचा अर्थ एवढाच की औषधांना प्रतिसाद म्हणून बीजे कमी मिळतील आणि कदाचित एकाहून अधिक फेऱ्या लागतील. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा आकडा खोटा कमी येऊ शकतो, म्हणून ते डॉक्टरांना आधी सांगावे.

अविवाहित मुलींच्या मनात एक प्रश्न असतो जो त्या आईसमोर विचारत नाहीत, म्हणून येथे स्पष्ट लिहिते. ही सोनोग्राफी सहसा योनिमार्गातून होते, कारण त्यातच अंडाशय नीट दिसतात. ज्यांचा शरीरसंबंध आलेला नाही त्यांच्यासाठी पोटावरून सोनोग्राफी करता येते, ती थोडी कमी स्पष्ट असते एवढेच. बीजे काढताना मात्र सुई योनिमार्गातूनच जाते, त्या वेळी भूल दिलेली असते. याबद्दल शंका असेल तर ती पहिल्याच भेटीत, एकांतात विचारावी. चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न नवा नसतो.

याच भेटीत एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस, हिमोग्लोबिन, थायरॉईड या तपासण्याही होतात. मनीषाचा एएमएच १.९ आला आणि सोनोग्राफीत बारा फॉलिकल दिसले. डॉक्टरांनी तिला सांगितले की एका फेरीत दहाच्या आसपास बीजे मिळतील, त्यांतील सात-आठ गोठवण्याजोगी असतील. हा अंदाज तिला औषधांचा एक रुपयाही खर्च होण्यापूर्वी मिळाला, आणि कोणत्याही केंद्राने तो तसाच द्यायला हवा.

दुसरी पायरी: केंद्र निवडणे

२०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार अशा केंद्राला नोंदणी बंधनकारक आहे. अविवाहित, घटस्फोटित किंवा विधवा स्त्रीलाही हे उपचार घेता येतात. वयाची अट एकवीस ते पन्नास अशी आहे. नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर दिसत नसेल तर मागून पाहावे.

त्यानंतर विचारायचा प्रश्न एकच, पण तो नेमका विचारावा: तुमच्याकडे गोठवलेली स्त्रीबीजे वितळवून आजवर किती जणींवर उपचार झाले आणि त्यांतून किती बाळे जन्मली? बीजे गोठवणारी केंद्रे पुष्कळ आहेत, परंतु वितळवण्याचा अनुभव असणारी त्याहून कमी आहेत, कारण बीजे ठेवून गेलेल्या बहुतेक स्त्रिया अजून परतलेल्या नाहीत. टेस्ट ट्यूब बेबीचे एकूण यश किंवा गोठवलेल्या गर्भांचे यश सांगून या प्रश्नाचे उत्तर टाळले जाते. गर्भ गोठवणे सोपे आहे. बीज गोठवणे अवघड आहे.

ते का अवघड, हे आपल्या भागातील माणसाला समजावणे सोपे जाते. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी डॉक्टर जो द्रव नायट्रोजनचा कॅन घेऊन गोठ्यात येतात, तो आपण लहानपणापासून पाहिलेला आहे. त्यातील रेताच्या कांड्या उणे १९६ अंश सेल्सिअसला वर्षानुवर्षे टिकतात. शुक्राणू अगदी लहान असतो आणि त्यात पाणी फार थोडे असते, म्हणून तो गोठणे सोसतो. स्त्रीबीज ही मानवी शरीरातील सर्वांत मोठी पेशी आहे, तिच्यात पाणी भरपूर असते, आणि सावकाश गोठवले तर त्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होऊन ते आतून पेशी फाडतात. गोठवलेल्या बीजापासून पहिले बाळ ऑस्ट्रेलियात १९८६ साली जन्मले, तरी पुढची वीसेक वर्षे ही पद्धत बेभरवशाचीच राहिली. व्हिट्रिफिकेशन नावाच्या पद्धतीने ते बदलले. तीत बीजातील पाणी विशिष्ट द्रावणांनी बरेचसे काढून घेतात आणि मग ते एका बारीक पट्टीवर ठेवून थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. थंड होण्याचा वेग इतका प्रचंड असतो की स्फटिक बनायला वेळच मिळत नाही आणि बीज काचेसारखे घट्ट होते. अमेरिकेतील प्रजननवैद्यक संस्थेने बीज गोठवण्यावरील ‘प्रायोगिक’ हा शिक्का २०१२ साली काढला तो यानंतर. मात्र हे हाताचे कसब आहे. काही मिनिटांची, काही टप्प्यांवर तर सेकंदांची, वेळ पाळावी लागते, आणि प्रयोगशाळेतील भ्रूणतज्ज्ञाचा हात किती सरावलेला आहे यावर वितळवल्यानंतर किती बीजे जिवंत राहतील हे ठरते. म्हणूनच वर सांगितलेला प्रश्न भिडस्तपणे सोडून देऊ नये.

अंतराचाही विचार करावा. बारा दिवसांत चार-पाच वेळा जावे लागते. साताऱ्याहून पुणे सुमारे एकशे दहा किलोमीटर आहे आणि खंबाटकी घाटात वाहने अडकली की सकाळची वेळ हुकते. सांगलीकरांना कोल्हापूर पन्नास किलोमीटरवर, पुणे त्याच्या चौपट-पाचपट अंतरावर पडते. काही पुण्यातील केंद्रे मधल्या सोनोग्राफी गावातील डॉक्टरांकडे करून अहवाल पाठवायला परवानगी देतात. ही सोय आधी लेखी ठरवावी. सोयीपेक्षा प्रयोगशाळेचा दर्जा महत्त्वाचा मानावा, असे माझे मत आहे, कारण प्रवास बारा दिवसांचा असतो आणि बीजे तेथे अनेक वर्षे राहतात. ती नंतर दुसरीकडे हलवणेही सोपे नाही: स्वतःची बीजे स्वतःच्या वापरासाठी हस्तांतरित करायला कायद्याने राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते.

खर्चाबाबत एवढेच सांगते की एका फेरीला औषधांसह दीड ते अडीच लाखांच्या आसपासचे आकडे ऐकू येतात, आणि त्यात वार्षिक साठवणूक शुल्क व पुढे बीजे वापरतानाचा खर्च सहसा धरलेला नसतो. इंजेक्शने, भूल, प्रयोगशाळा, पहिल्या वर्षाची साठवण आणि त्यानंतरचे वार्षिक शुल्क असे वेगवेगळे लिहून घ्यावे.

तिसरी पायरी: इंजेक्शनांचे दहा-बारा दिवस

दर महिन्याला अंडाशयात अनेक फॉलिकल वाढू लागतात, पण शरीरातील संप्रेरक एकालाच पुरते आणि बाकीचे सुकून जातात. इंजेक्शनाने तेच संप्रेरक, एफएसएच, जास्त प्रमाणात दिले की सुकून जाणारेही वाढतात. त्यामुळे या उपचाराने पुढच्या वर्षांची बीजे आधीच संपतात किंवा पाळी लवकर जाते, ही भीती निराधार आहे. जी बीजे त्या महिन्यात वायाच जाणार होती तीच वाचवली जातात.

मनीषाची पाळी बुधवारी सुरू झाली. गुरुवारी सकाळी सोनोग्राफी झाली आणि त्याच रात्री आठ वाजता तिने एफएसएचचे २२५ युनिटचे पहिले इंजेक्शन पोटावर, बेंबीच्या बाजूला कातडीखाली, स्वतः घेतले. ते इन्सुलिनसारखे पेनने घेता येते. रोज त्याच वेळी घ्यायचे असते आणि औषध फ्रिजमध्ये, दोन ते आठ अंशांत, ठेवायचे असते. फ्रीझरमध्ये ठेवल्यास ते बिघडते. प्रवासात बर्फाच्या पिशवीचा डबा न्यावा, पण औषध बर्फाला थेट टेकू देऊ नये.

इंजेक्शनांच्या सहाव्या दिवशी, मंगळवारी, सर्वांत मोठा फॉलिकल तेरा मिलिमीटरचा झाला होता. त्या दिवसापासून दुसरे रोजचे इंजेक्शन जोडले गेले. त्याचे काम बीजे वेळेआधी सुटू न देण्याचे असते, आणि ते एक दिवसही चुकवून चालत नाही. गुरुवारी पुन्हा सोनोग्राफी झाली, शनिवारी तीन फॉलिकल अठरा मिलिमीटरवर पोहोचले, बाकीचे चौदा ते सतराच्या दरम्यान होते. फॉलिकल रोज साधारण दीड ते दोन मिलिमीटर वाढतात, त्यामुळे डॉक्टर एखादा दिवस पुढे-मागे करतात. बँकेची रजा तारखेला बांधून घेऊ नये, दोन्हीकडे एक-एक दिवस मोकळा ठेवावा.

या दिवसांत पोट फुगल्यासारखे वाटणे, स्तन दुखणे, मन हळवे होणे हे होते आणि पाळी आल्यावर जाते. अंडाशय मोठे झालेले असल्याने धावणे, उड्या, जड वजन उचलणे बंद ठेवावे. मोठे अंडाशय आपल्या देठाभोवती पिळले जाऊ शकते. एका बाजूला अचानक तीव्र कळ येऊन उलट्या होऊ लागल्या तर ती वाट पाहण्याची गोष्ट नाही, तत्काळ रुग्णालय गाठावे.

कधी कधी फेरी येथेच थांबवावी लागते. बारा फॉलिकल अपेक्षित असताना दोन-तीनच वाढले, तर पुढे जाऊन भूल, शस्त्रक्रिया आणि प्रयोगशाळेचा खर्च करायचा की औषध बदलून पुढच्या पाळीला पुन्हा प्रयत्न करायचा, हे सहाव्या ते आठव्या दिवशी विचारावे. फेरी रद्द झाल्यास किती पैसे परत मिळतात, हेही आधी माहीत असावे.

चौथी पायरी: ट्रिगर आणि बीजे काढणे

या संपूर्ण प्रक्रियेत रुग्णाच्या हातून होऊ शकणारी सर्वांत महाग चूक येथे होते. बीजे शेवटची पक्व व्हावीत म्हणून एक ‘ट्रिगर’ इंजेक्शन ठरावीक मिनिटाला घ्यायचे असते, आणि त्यानंतर चौतीस ते छत्तीस तासांनी बीजे काढतात. लवकर काढली तर ती कच्ची राहतात, उशीर झाला तर फॉलिकल फुटून बीजे पोटात निघून जातात. मनीषाला शनिवारी रात्री दहा वाजता ट्रिगर घ्यायला सांगितले आणि सोमवारी सकाळी साडेनऊची वेळ दिली. तिने गजर लावला, इंजेक्शनाचा फोटो वेळेसह केंद्राला पाठवला. एखादीकडून तासभर उशीर झाला तर ते लपवू नये. केंद्र काढण्याची वेळ तेवढीच पुढे सरकवू शकते, पण त्यांना कळलेच नाही तर काहीच करता येत नाही.

ट्रिगर दोन प्रकारचे असतात. ज्यांना खूप फॉलिकल येतात, विशेषतः पीसीओएस असलेल्यांना, त्यांच्यात जुन्या एचसीजी प्रकारच्या ट्रिगरने अंडाशय अति उत्तेजित होऊन पोटात पाणी साठू शकते. बीजे गोठवायचीच असतील, त्याच महिन्यात गर्भ ठेवायचा नसेल, तर ल्युप्रोलाइडसारखा दुसरा ट्रिगर वापरता येतो आणि हा धोका फारच कमी होतो. आपल्याला कोणता ट्रिगर दिला जाणार आणि का, हे अवश्य विचारावे. बीजे काढल्यानंतरच्या आठवड्यात वजन एका दिवसात किलोहून अधिक वाढले, लघवी कमी झाली, दम लागू लागला, तर ही त्याचीच लक्षणे समजून केंद्राशी संपर्क करावा.

प्रत्यक्ष बीजे काढायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. शिरेतून भूल देतात, सोनोग्राफीत पाहत बारीक सुईने प्रत्येक फॉलिकलमधील पाणी ओढून घेतात, आणि शेजारच्या प्रयोगशाळेत भ्रूणतज्ज्ञ त्यातून बीजे शोधतात. टाके नसतात. दुपारपर्यंत घरी जाता येते, सोबत कोणीतरी हवे. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे धोके थोडे असले तरी आहेत. ताप आला किंवा पोटदुखी वाढत गेली तर कळवावे. पाळी एक-दोन आठवड्यांत येते.

मनीषाची अकरा बीजे निघाली. त्यांतील आठ परिपक्व होती, दोन कच्ची, एक खराब. परिपक्वच गोठवतात. म्हणून केंद्र ‘किती बीजे निघाली’ हे सांगते तेव्हा ‘परिपक्व किती गोठवली’ असे पुन्हा विचारावे आणि तो आकडा लेखी घ्यावा. पुढचा सगळा हिशोब त्याच आकड्यावर उभा राहतो.

आठ बीजांचा हिशोब

आता मनीषाच्या जागी बसून पुढे जाऊ. ती पाच वर्षांनी बीजे वापरायला येते असे धरा. आठ बीजे वितळवली की साधारण सात जिवंत राहतील. दहातील एक किंवा दोन जाणे सामान्य आहे. जिवंत बीजांत शुक्राणू सुईने आत सोडावा लागतो, ज्याला इक्सी म्हणतात, कारण गोठवण्यात बीजाचे कवच कडक झालेले असते. सातांतील पाच फलित होतील. पाचांतील दोन, फार तर तीन, पाचव्या दिवसापर्यंत वाढून गर्भाशयात ठेवण्याजोगे होतील. पस्तिसाव्या वर्षीच्या बीजांपासून बनलेल्या अशा गर्भांत साधारण दर पाचांपैकी तिघांची गुणसूत्रे योग्य असतात, म्हणजे दोनांपैकी एक धरू. गुणसूत्रे योग्य असलेला गर्भही दर वेळी रुजत नाही; निम्म्याहून थोड्या अधिक वेळा त्यातून बाळ जन्मते.

आठावरून आपण एकावर आलो, आणि त्या एकाचीही खात्री नाही. काही जणींच्या हाती योग्य गर्भ एकही लागत नाही हे धरले की हा हिशोब शेवटी चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या जवळ येतो. स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रत्यक्ष नोंदींशी तो जुळतो: पस्तीस वर्षांपर्यंत गोठवलेली आठ बीजे वापरणाऱ्यांत सुमारे ४१ टक्के स्त्रियांना मूल झाले, दहा बीजे असणाऱ्यांत सुमारे ६० टक्के. छत्तिसाव्या वर्षी किंवा त्यानंतर गोठवली असतील तर हेच आकडे सुमारे २० आणि ३० टक्के होते. बीजांची संख्या तीच, वय वेगळे, आणि शक्यता निम्मी.

न्यू यॉर्कमधील एका मोठ्या केंद्राने पंधरा वर्षांच्या नोंदी २०२२ साली मांडल्या. तेथील स्त्रियांचे गोठवतानाचे सरासरी वय अडतीसच्या पुढे होते आणि परत येऊन बीजे वापरणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना मूल झाले. अडतिशीच्या आत गोठवणाऱ्या आणि वीस किंवा अधिक परिपक्व बीजे वितळवणाऱ्यांत मात्र हे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. चाळिशीनंतरचे चित्र एका गणिती अंदाजावरून दिसते: चार स्त्रियांतील तिघींना एक मूल व्हावे इतकी शक्यता हवी असेल, तर चौतिसाव्या वर्षी सुमारे दहा, सदतिसाव्या वर्षी वीस आणि बेचाळिसाव्या वर्षी साठेक परिपक्व बीजे लागतात. बेचाळीस वर्षांच्या स्त्रीला एका फेरीत चार-पाच मिळत असतील, तर साठ बीजांसाठी किती फेऱ्या लागतील याचे गणित कोणीही करू शकते. अशा वेळी गोठवण्याऐवजी दात्या स्त्रीच्या बीजाविषयी किंवा दत्तक घेण्याविषयी मोकळेपणाने बोलणे मला अधिक प्रामाणिक वाटते, आणि जे केंद्र बेचाळिसाव्या वर्षीही हसतमुखाने ‘विमा काढून ठेवा’ म्हणते त्याच्यापासून मी मुलींना सावध करते. विम्यात नुकसान झाल्यावर भरपाई ठरलेली असते. येथे तसे काही ठरलेले नाही.

याउलट पंचविशीत येणाऱ्या मुलींनाही मी घाई करू नका असे सांगते, कारण त्यांच्यापैकी बऱ्याच जणींना गोठवलेली बीजे कधी लागणारच नाहीत. कर्करोगावरील उपचार सुरू होणार असतील, एंडोमेट्रिओसिसमुळे अंडाशयावर शस्त्रक्रिया व्हायची असेल किंवा आईची पाळी फार लवकर गेली असेल, तर गोष्ट वेगळी. एरवी तिशी ते पस्तिशीचा काळ सर्वांत उपयोगाचा. आणि लग्न झालेले असून मूल हवेही आहे, फक्त ‘दोन वर्षांनी बघू’ असे चालले असेल, तर छत्तिसाव्या वर्षी गोठवण्यापेक्षा आत्ताच प्रयत्न सुरू करणे बहुतेकींच्या हिताचे ठरते.

मनीषाने हा हिशोब कागदावर मांडला. चाळीस-पंचेचाळीस टक्के तिला कमी वाटले. दोन महिन्यांनी तिने दुसरी फेरी केली, त्यात नऊ बीजे निघाली आणि सात परिपक्व मिळाली. एकूण पंधरा. वरचाच हिशोब पंधरासाठी केला तर एक मूल होण्याची शक्यता पासष्ट टक्क्यांच्या आसपास जाते. तिसऱ्या फेरीने ती आणखी वाढली असती, पण प्रत्येक नव्या फेरीमागची वाढ आधीच्यापेक्षा कमी होत जाते आणि खर्च तेवढाच राहतो. तिने तेथे थांबायचे ठरवले. दोन मुले हवी असणाऱ्या स्त्रीचा निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

पाचवी पायरी: कागदपत्रे आणि मुदत

संमतिपत्र घाईत सही करण्याचा कागद नाही. स्त्रीचा मृत्यू झाल्यास किंवा ती निर्णय घेण्यास असमर्थ झाल्यास बीजांचे काय करायचे, हे त्यात कायद्यानेच लिहून घेतले जाते. दात्याची बीजे आणि गर्भ यांच्या साठवणुकीला कायद्यात दहा वर्षांची कमाल मुदत आहे. स्वतःच्या बीजांसाठी केंद्राने संमतिपत्रात कोणती मुदत लिहिली आहे ते वाचावे. शुल्क थकले तर केंद्र किती सूचना देऊन काय करणार, टाकीतील नायट्रोजनची पातळी कोण रोज पाहतो आणि ती घटली तर रात्री कोणाच्या फोनवर इशारा जातो, हेही विचारावे.

अविवाहित स्त्रीने एक मर्यादा आधीच जाणून घ्यावी. पुढे लग्न न करता बीजे वापरायची असतील तर दात्याचे शुक्राणू वापरून ती स्वतः गर्भधारणा करू शकते, परंतु भारतातील सरोगसी कायदा अविवाहित स्त्रीला सरोगसीची परवानगी देत नाही. एकट्या स्त्रियांत ती केवळ विधवा आणि घटस्फोटित यांना, पस्तीस ते पंचेचाळीस या वयात आहे. गर्भाशयाचा काही मोठा आजार असेल तर बीजे गोठवण्यापूर्वीच याचा विचार करावा लागतो.

मनीषाने दोन्ही फेऱ्यांचे अहवाल, गोठवल्याच्या तारखा, प्रत्येक पट्टीवर किती बीजे आहेत याची नोंद आणि संमतिपत्राची प्रत एका फायलीत लावली, आणि शुल्काची तारीख मोबाइलमध्ये दरवर्षीसाठी नोंदवली. घर बदलले किंवा नंबर बदलला तर केंद्राला लेखी कळवायचे, हे तिने फायलीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे. त्याखाली तिने आणखी एक ओळ लिहिली आहे: एकोणचाळीसाव्या वाढदिवसाला डॉक्टरांची भेट घेऊन बीजे वापरायची की आणखी थांबायचे, ते ठरवायचे.